बिनव्याजी हप्त्याचा फ्रिज: एकरकमी भावाशी तुलना कशी करायची?

*आम्ही धायरीला राहतो. जुना फ्रिज चालतो, पण पूर्वीसारखा गार होत नाही. सत्तावीस-अठ्ठावीस हजारांपर्यंतचा घ्यायचा ठरवून तापकीर गल्लीत गेलो आणि तिथे ३६,००० रुपयांचा मोठा फ्रिज आवडला. क्रेडिट कार्डवर १२ हप्ते, महिना ३,००० रुपये, व्याज शून्य. एकदम स्वाइप केलं तर २,००० रुपये सूट आहे, हप्त्यावर घेतलं तर ती नाही. बचत खात्यात ऐंशी हजार आहेत. मिस्टर म्हणतात, व्याज लागतच नाही तर आपले पैसे कशाला काढायचे, खात्यात राहिले तर त्यावर व्याज मिळेल. सासूबाई म्हणतात, पैसे हातात असताना उधारी कशाला? दिवाळीत मुलीला फोनही घ्यायचा आहे. कुणाचं ऐकू?*

*— एक वाचक, धायरी*

ताई, मिस्टरांचं आणि सासूबाईंचं बाजूला ठेवून आधी त्या दुकानातल्या आकड्यांकडे पाहू. ते आकडे बोलके आहेत, फक्त ते ज्या क्रमाने तुमच्यासमोर आले तो क्रम बदलायला हवा.

पहिली गोष्ट म्हणजे बँक तुम्हाला बिनव्याजी पैसे देत नाही. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट कळवलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. ते व्याज दुसऱ्या कुठल्या तरी रूपात ग्राहकाकडूनच घेतलं जातं. तरीही ‘नो-कॉस्ट’ असं लिहिता येतं, कारण व्याजाइतकी रक्कम कंपनी किंवा दुकानदार आधीच किमतीतून वजा करतो. बँक उरलेल्या रकमेवर नेहमीचं व्याज लावते आणि दोन्हींची बेरीज छापील किमतीएवढी भरते.

तुमच्या फ्रिजवर हे करून पाहू. बँकेचा दर वर्षाला १५ टक्के धरते. या दराने १२ महिने ३,००० रुपये भरले तर त्यातून फिटणारं मूळ कर्ज ३३,२३८ रुपयांचं असतं. म्हणजे तुमच्या नावावर कर्ज ३६,००० चं नाही, ३३,२३८ चं चढतं. मधले २,७६२ रुपये ‘सूट’ म्हणून आधी वजा होतात आणि वर्षभरात व्याज म्हणून परत घेतले जातात. इथपर्यंत बेरीज खरोखर ३६,००० च राहते.

पण क्रेडिट कार्डच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो कुणी आधी वजा केलेला नसतो. २,७६२ वर तो होतो ४९७ रुपये. शिवाय बहुतेक बँका अशा व्यवहाराला प्रोसेसिंग फी लावतात. १९९ रुपये हा नेहमी दिसणारा आकडा. त्यावरचा जीएसटी धरून २३५ झाले. म्हणजे ३६,००० चा फ्रिज ३६,७३२ ला पडला. हे जास्तीचे पैसे एकदम दिसत नाहीत. पहिल्या महिन्यात फी आणि सुमारे ७५ रुपये जीएसटी येतो. पुढे शिल्लक कर्ज उतरतं तसा जीएसटीही उतरत जातो आणि शेवटच्या महिन्यात सात रुपयांवर येतो. एवढ्या छोट्या ओळी बिलात कोण वाचतं? म्हणून त्या टोचत नाहीत.

आता ते २,००० रुपये. तुम्ही पत्रात ही सूट जाता जाता लिहिलीत, पण माझ्या मते सगळ्या हिशेबाचा पाया तीच आहे. एकदम पैसे देणाऱ्याला हाच फ्रिज ३४,००० ला मिळतो. मग फ्रिजची आजची किंमत ३४,०००. ३६,००० ही हप्त्याने घेणाऱ्याची किंमत आहे. तुलना ३६,००० आणि ३६,७३२ मध्ये नाही, ३४,००० आणि ३६,७३२ मध्ये करायची. फरक २,७३२ रुपयांचा. आज ३४,००० ची वस्तू घेऊन वर्षभरात हप्त्याहप्त्याने ३६,७३२ फेडणं म्हणजे वर्षाला पावणेपंधरा टक्क्यांच्या आसपासचं कर्ज. शून्य टक्के म्हणून समोर आलेली गोष्ट अशी फिरून बँकेच्या मूळ दरापाशीच येऊन पोहोचते.

कुणी म्हणेल, २,७३२ म्हणजे ३४,००० चे फक्त आठ टक्के, मग पंधरा कुठून आले? कारण ते ३४,००० तुमच्याकडे वर्षभर राहतच नाहीत. दर महिन्याला तीन हजार परत जातात. सरासरी काढली तर तुम्ही वर्षभर साधारण निम्मीच रक्कम वापरता आणि आकार मात्र पूर्ण रकमेवर मोजता.

मिस्टरांच्या म्हणण्यात जी फट आहे ती नेमकी इथेच आहे. त्यांचा विचार चुकीचा नाही. स्वस्तात पैसे मिळत असतील तर आपले राखून ठेवावेत हे बरोबरच. पण त्यांच्या डोळ्यासमोर ३४,००० रुपये वर्षभर खात्यात पडून राहिलेले आहेत. प्रत्यक्षात दर महिन्याला हप्ता गेला की पहिल्या महिन्यात ३४,००० असलेली रक्कम सहा महिन्यांनी निम्म्यावर येईल आणि वर्षाअखेर जवळजवळ संपेल. वर्षभराची सरासरी शिल्लक भरते सतरा हजारांच्या आसपास. मोठ्या बँकांच्या बचत खात्यावर अडीच-तीन टक्के मिळतात, म्हणजे वर्षाचे सव्वाचारशे ते पाचशे रुपये. समजा हे पैसे कुठेतरी साडेसहा टक्क्यांनी ठेवता आले, तरी अकराशेच्या आसपास, आणि त्यावर प्राप्तिकर लागत असेल तर तो वेगळा. अकराशे मिळवण्यासाठी सत्तावीसशे द्यायचे, हे त्यांनाही पटणार नाही. त्यांच्यासमोर हा सरासरीचा आकडा ठेवा.

ते कदाचित म्हणतील, हप्ता पगारातून भरू, खात्याला हातच लावायचा नाही. पण पगारातले ते तीन हजार हप्त्यात गेले नसते तर शिल्लक राहिलेच असते ना? आज ३४,००० देऊन फ्रिज आणलात आणि पुढच्या महिन्यापासून तेच तीन हजार आवर्ती ठेवीत टाकलेत, तर बारा हप्त्यांत ३६,००० पुन्हा जमतील, वर त्यांचं व्याज. खातं दोन्हीकडे भरतंच. फक्त एका वाटेने मधले पैसे बँकेकडे जातात, दुसरीने तुमच्याकडे राहतात.

सासूबाईंचं मात्र प्रत्येक वेळी बरोबर ठरेल असं नाही, आणि हेही मोकळेपणाने सांगायला हवं. समजा दुकानात एकरकमी सूट अजिबात नाही. रोख ३६,००० आणि हप्त्यानेही ३६,०००. तेव्हा हप्त्याचा खर्च फक्त त्या ७३२ रुपयांचा. तुमचे पैसे खरोखर साडेसहा टक्क्यांनी ठेवलेले असतील तर बाराशेच्या वर व्याज मिळेल आणि हप्ता थोडा फायद्याचा पडेल. बचत खात्यात नुसते पडून असतील तर तेव्हाही तोटाच. काही वेळा तर सूट फक्त ईएमआयवरच असते, एकदम स्वाइप करणाऱ्याला काहीच नाही. सणांच्या दिवसांत हे बरंच दिसतं. तेव्हा हप्त्याने घ्यावं, पण सर्वात कमी मुदतीचा घ्यावा. तीन महिन्यांच्या हप्त्यात ३६,००० मागे लपलेलं व्याज ८८२ रुपये असतं, त्यावरचा जीएसटी १५९, फी २३५. चारशेच्या आत खर्च करून दोन हजारांची सूट मिळत असेल तर ती सोडू नये.

मुदतीचा हा मुद्दा मुलीच्या फोनच्या वेळी जास्त लागू पडेल. फोन चोवीस महिन्यांवर द्यायची पद्धत आता रुळली आहे. ६०,००० चा फोन, महिना २,५००, असं दिसतं. त्याच १५ टक्के दराने यात लपलेलं व्याज सुमारे ८,४४० रुपये आहे आणि नुसता जीएसटीच १,५०० च्या वर जातो. पण मला त्या ८,४४० बद्दल जास्त सांगायचं आहे. एवढी रक्कम कंपनी किंवा दुकानदार बँकेला देणार असेल, तर रोख घेणाऱ्याला तिच्यातलं काहीतरी सोडायला जागा असते. सगळं मिळणार नाही. हे पैसे कंपनी भरत असेल तर दुकानदाराचा हात बांधलेला असतो. पण तो स्वतःच्या नफ्यातून भरत असेल तर मागितल्यावर काही ना काही सुटतं. म्हणून दुकानात गेल्यावर हप्त्याचा विषय आधी काढूच नका. “एकदम दिले तर शेवटचा भाव काय?” एवढंच विचारा आणि तो आकडा मॉडेल नंबरसह कागदावर लिहून घ्या. एकाच कंपनीच्या, दिसायला सारख्या दोन फ्रिजच्या मॉडेलमध्ये एका अक्षराचा फरक असतो आणि किमतीत हजार-दोन हजारांचा. तापकीर गल्लीत एका दुकानातून दुसऱ्यात जायला दोन मिनिटं लागतात. तोच कागद पुढच्या दुकानात दाखवा. भाव पक्का झाल्यावर मग हप्त्याचं विचारा. तेव्हा भाव वर सरकला तर हप्त्याची खरी किंमत दुकानदारानेच तुम्हाला सांगितली असं समजा.

हप्त्यानेच घ्यायचं ठरलं तर कार्ड मशीनमधून निघणारी चिठ्ठी सही करण्याआधी वाचा. कर्जाची रक्कम, व्याजदर, महिना हप्ता आणि एकूण देय रक्कम तिच्यावर छापलेली असते. तुमच्या बाबतीत हप्ता ३,००० दिसायला हवा. तिथे ३,२४९ दिसला तर समजा की व्याज आधी वजा झालेलं नाही. पूर्ण ३६,००० वर कर्ज काढलंय आणि व्याजाचे पैसे नंतर ‘कॅशबॅक’ म्हणून येणार आहेत. ते कधी येणार, कुणाकडून येणार, मध्ये कार्ड बंद झालं तर काय, हे लिहून मिळाल्याशिवाय सही करू नका. ऑनलाइन घेताना पैसे भरायच्या पानावर हप्त्याच्या पर्यायाखाली हाच तपशील उघडता येतो. दाखवणं बँकेला बंधनकारकच आहे. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ ला कार्डांविषयी जे निर्देश काढले, त्यात मुद्दल, व्याज आणि ‘नो-कॉस्ट’ करण्यासाठी आधी दिलेली सूट ही तिन्ही व्यवहाराआधी दाखवायची आणि बिलातही वेगळी दाखवायची, असं म्हटलं आहे.

कार्डाच्या हप्त्याचा एक धोका मात्र या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा आहे. हप्ता तुमच्या महिन्याच्या बिलात मिसळून येतो. एखाद्या महिन्यात दवाखाना निघाला, शाळेची फी आली आणि पूर्ण बिल न भरता किमान रक्कमच भरलीत, तर कार्डावरच्या बाकीच्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते. किराणा, पेट्रोल, सगळ्यावर खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होतं, आणि कार्डाचा तो दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. त्यावरही जीएसटी. असा एखादाच महिना फ्रिजवर वाचवलेले सगळे पैसे खाऊन टाकतो. ज्या घरात पूर्ण बिल दर महिन्याला भरलं जातं त्यांनीच कार्डावरच्या हप्त्याचा विचार करावा, असं माझं ठाम मत आहे.

कार्ड नसलेल्या वाचकांना दुकानातच फायनान्स कंपनीचा माणूस भेटतो. तिथे गणित थोडं वेगळं असतं. त्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, पण फी असते, आणि काही हप्ते आधीच भरून घेतात. १२ पैकी ४ हप्ते आगाऊ घेतले तर ३६,००० मधले १२,००० तुम्ही त्याच दिवशी दिलेत. कर्ज उरलं २४,००० चं, आठ महिन्यांचं. त्यावर सगळी मिळून ७०० रुपये फी म्हणजे वर्षाला सुमारे आठ टक्के. हा दर तसा वाईट नाही, पण शून्यही नाही. या कर्जांसाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं सक्तीचं आहे. त्यात फीसकट वार्षिक टक्केवारी एका आकड्यात लिहिलेली असते, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचं असतं. मराठीतून मागा. त्याच कागदांत विमा किंवा वाढीव वॉरंटीचे पैसे घातलेले नाहीत ना, तेही पाहा. आणि हप्ता ज्या खात्यातून कापला जाणार आहे तिथे त्या तारखेला पैसे ठेवा. नाहीतर फायनान्स कंपनी आणि तुमची बँक, दोघींचा दंड लागतो.

आता तुमच्या पत्रातली जी ओळ मला सर्वात महत्त्वाची वाटली तिच्याकडे येते. तुम्ही सत्तावीस-अठ्ठावीस हजारांचा फ्रिज ठरवून निघाला होतात. घरी परतलात तेव्हा मनात ३६,००० चा होता. जीएसटी, फी, हुकलेली सूट हे सगळं मिळून २,७३२ होतं. इथला फरक आठ हजारांचा आहे. महिना ३,००० हा आकडा ऐकल्यावर तो फ्रिज आवाक्यातला वाटला, पण २८,००० च्या फ्रिजचाही हप्ता काढला असता तर तो २,३३३ आला असता. समोर एकदम ३६,००० मोजायचे असते तर तोच फ्रिज आवडला असता का, हे दोघांनी बसून एकमेकांना विचारा. घरात माणसं किती, भाजी आठवड्याची आणता की रोजची, तो दारातून आणि स्वयंपाकघरातल्या जागेत बसतो का, यावरून मोठा हवा असेल तर जरूर घ्या. हप्ता झेपतो एवढंच कारण असेल तर घेऊ नका.

तुमच्या जागी मी काय केलं असतं ते सांगते. ऐंशी हजारांतले ३४,००० गेले तर ४६,००० उरतात. तुमच्या घराचा दोन-तीन महिन्यांचा खर्च त्यात भागत असेल, तर हप्ता नको. कार्डाच्या बिलाची तारीख पाहा, ती उलटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फ्रिज एकदम स्वाइप करून घ्या. दोन हजारांची सूट मिळेल, आणि हे बिल पुढच्या महिन्यात तयार होऊन त्यानंतर भरायचं असल्यामुळे बहुतेक कार्डांवर पैसे द्यायला पंचेचाळीस-पन्नास दिवस मिळतील. ही मुदत खरोखर बिनव्याजी असते, फक्त शेवटच्या तारखेआधी पूर्ण रक्कम भरायची. तोवर पैसे खात्यातच राहतील, म्हणजे मिस्टरांचंही थोडं ऐकल्यासारखं होईल. मात्र स्वाइप करताना मशीनवर ‘ईएमआय’ निवडलेलं नाही ना, हे स्वतः पाहा. सूट लगेच वजा होणार आहे की नंतर जमा होणार, तेही विचारून घ्या.

३४,००० काढल्यावर हाताशी फारच थोडं उरत असेल, घरात कुणाचं आजारपण असेल किंवा नोकरीची खात्री नसेल, तर वेगळं. तेव्हा २,७३२ रुपये ही हाताशी पैसे राहण्याची किंमत आहे असं समजून हप्ता घ्या. त्यात कमीपणा काही नाही. फक्त बारा महिन्यांऐवजी सहा महिने झेपतात का ते पाहा. आणि फ्रिज व फोनचे हप्ते एकावर एक येऊ देऊ नका. फ्रिज आत्ता रोख घेतलात तर दिवाळीपर्यंत महिना तीन हजार बाजूला टाकून फोनची बरीचशी रक्कम जमेल.

आणि हप्त्याने घेतलंच, तर पहिली दोन बिलं नीट वाचा. मुद्दल, व्याज आणि त्यावरचा जीएसटी वेगळा दिसला पाहिजे आणि कर्जाची मूळ रक्कम चिठ्ठीवरच्या आकड्याशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तराने समाधान झालं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार नोंदवता येते. तिला पैसे लागत नाहीत. सोबत दुकानाचं बिल, ती चिठ्ठी आणि कार्डाचं बिल जोडायचं.